अ‍ॅपच्या आधीची खाड्याची वही

कोल्हापुरात डबा लावायची पद्धत अ‍ॅपच्या कितीतरी आधीची. 1901 पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली आणि शिकायला कोल्हापूर गाठायची वाट रुळली. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं. खोली करून राहणाऱ्या मुलांची जेवणाची सोय बहुतेकदा गल्लीतल्याच एखाद्या मावशींकडे व्हायची. पैसे महिन्याचे, जेवायला येणार नसलात तर आदल्या दिवशी खाडा सांगायचा. त्यामुळे उद्या बारा ताटं की दहा, हे मावशींना रात्रीच कळे आणि तेवढीच कणीक मळली जाई.

घरगुती जेवणाचं अ‍ॅप नेमकी हीच खात्री मोडतं, कारण तिथे गिऱ्हाईक रोज नव्याने निवड करतं. समजा, पूर्ण शहरातून चाळीस सुगरणी नोंदवल्या आणि दोनशे जणांनी अ‍ॅप घेतलं. प्रत्येकाने दहा दिवसांतून एकदा मागवलं, तरी रोजच्या ऑर्डरी वीसच. म्हणजे एका घराच्या वाट्याला अर्धा डबा. एवढ्यासाठी कोण गॅस पेटवणार? आठवड्याभरात सुगरण फोन बघायचं सोडते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. नोंदणीचा आकडा मात्र वाढतच असतो, म्हणून हे दुखणं उशिरा कळतं.

यावर एक वाट म्हणजे घरं कमी ठेवणं. वीस डब्यांना दोनच घरं पुरतात, तीही राजारामपुरीतल्या एक-दोन गल्ल्यांतली. त्यांना रोज दहा डब्यांची हमी द्यायची. सहाच खपले तर उरलेले चार अ‍ॅपने घ्यायचे. डबा 70 रुपयांचा धरला, तर एका घरामागे दिवसाला 280 रुपये, दोन घरांचे पंचवीस दिवसांचे 14,000. मागणी आदल्या रात्री नऊपर्यंतच घेतली, की हा आकडा आणखी खाली येतो. महिन्याभरानंतरही उरलेले डबे कमी होत नसतील, तर चव, भाव किंवा गल्ली यांपैकी काहीतरी चुकलंय.

दुसरी वाट 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘ओपनटेबल’ने दाखवली. त्यांनी हॉटेलांना आधी टेबलांच्या आरक्षणाची संगणकावरची वही दिली. एकही गिऱ्हाईक ओपनटेबलवरून आलं नाही तरी ती उपयोगी होती. आपल्याकडे तशी वही म्हणजे खाड्याची. कोणाचे किती खाडे, कोणाचे पैसे राहिले, हे मावशींच्या फोनवर आलं की त्यांची बारा गिऱ्हाइकं आपसूक अ‍ॅपवर येतात. मग रिकाम्या झालेल्या दोन ताटांसाठीच नवं माणूस शोधायचं उरतं.

अडचण पुढे येते. चव जमली की मावशी आणि गिऱ्हाईक एकमेकांचे नंबर घेतात आणि अ‍ॅपचं कमिशन बुडतं. जुन्या गिऱ्हाइकांवर कमिशन लावलं तर हे आणखी लवकर होतं. माझ्या मते वही फुकट ठेवावी आणि अ‍ॅपने आणलेल्या माणसावर, तेही पहिल्या महिन्यापुरतंच, कमिशन घ्यावं.