आवळलेले बँड आणि पहिली हूल

चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातल्या माणसाला साखरेच्या शेअरबद्दल मत असतंच. घराजवळून उसाच्या ट्रॉल्या जातात, टोळ्या कधी आल्या आणि कधी परतल्या हे ठाऊक असतं, कुठल्या कारखान्याचा उतारा घसरला याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. असा माणूस एखाद्या साखर कंपनीचा चार्ट उघडतो, भावाच्या वर-खाली आखलेल्या दोन रेषा, म्हणजे बोलिंजर बँड, एकमेकांजवळ आलेल्या बघतो आणि लगेच विचारतो, "सर, बँड आवळलेत. आता वर जाणार की खाली?" बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत हा प्रश्न दर महिन्याला येतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर मनात ठरवलेलं असतं, कारण यंदा ऊस कमी आहे किंवा जास्त आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

बँड दिशेबद्दल काहीच सांगत नाहीत. ते कसे तयार झाले हे पाहिलं की याचं कारण कळतं, म्हणून आधी तो इतिहास.

भावाभोवती पट्टा आखायची पद्धत बोलिंजरच्या आधीची आहे. चेस्टर केल्टनर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा धान्यबाजारातला माणूस. 1960 मध्ये त्याने दहा दिवसांच्या सरासरीच्या वर आणि खाली, दिवसाच्या उच्चांक-नीचांकातल्या अंतराची सरासरी धरून रेषा मांडल्या. इतर अनेकजण सरासरीच्या दोन्ही बाजूंना ठरावीक टक्के सोडून रेषा काढत. ही टक्क्यांची पद्धत सोपी होती, पण बाजार शांत झाला तरी पट्टा तेवढाच रुंद राही. रुंदी किती ठेवायची हे माणसाने ठरवायचं, आणि ठरवताना त्याचं मत आत शिरायचंच.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन बोलिंजरने ती रुंदी ठरवण्याचं काम बाजारावरच सोपवलं. शेवटच्या वीस बंद भावांची सरासरी ही मधली रेषा, आणि त्याच वीस भावांच्या प्रमाण विचलनाची, म्हणजे भाव सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्या मापाची, दुप्पट वर, दुप्पट खाली. भाव उसळले की पट्टा आपोआप रुंद होतो, स्थिर झाले की आवळतो. या आवळण्याला त्याने 'स्क्वीझ' म्हटलं आणि मोजायला सोपी कसोटी दिली: बँडची रुंदी सहा महिन्यांतली सर्वात कमी असली पाहिजे. नुसतं "अरुंद दिसतंय" एवढं पुरेसं नाही, कारण मोबाइलवर चार्ट जवळ-लांब केला की तोच पट्टा कधी अरुंद दिसतो, कधी रुंद. एक्सेलमध्ये बंद भाव B स्तंभात असतील तर रुंदीची टक्केवारी अशी निघते:

```
=4*STDEV.P(B2:B21)/AVERAGE(B2:B21)*100
```

हा आकडा रोज काढायचा आणि मागच्या साधारण 125 व्यवहाराच्या दिवसांतल्या सर्वात कमी आकड्याशी ताडून बघायचा.

आता दिशेकडे येऊ. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक भावाचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्याचा वर्ग करतात. वर्ग केला की वजाचं चिन्ह नाहीसं होतं. दहा रुपये वर गेलेला भाव आणि दहा रुपये खाली आलेला भाव रुंदीत सारखीच भर घालतात. म्हणून बँडच्या रुंदीत दिशा कुठेच साठवलेली नसते, आणि साठवलीच नसेल तर ती त्यातून शोधणार कशी?

हेच वेगळ्या वाटेने गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉटने 1963 मध्ये मांडलं होतं. त्याने कापसाचे भाव तपासले होते. बैलहोंगलच्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्यांना हा योगायोग आवडेल. त्याचं निरीक्षण असं की मोठ्या हालचालीमागे मोठी हालचाल येते आणि लहानीमागे लहान येते, पण पुढची हालचाल वर असेल की खाली ते त्यावरून ठरत नाही. 1982 मध्ये रॉबर्ट एंगलने याच प्रकारच्या बदलत्या अस्थिरतेचं गणिती प्रारूप दिलं, आणि 2003 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मँडेलब्रॉटच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: शांततेमागे बहुधा शांतताच येते. म्हणजे स्क्वीझ दिसला म्हणून उद्याच स्फोट होईल असं नाही. आज सहा महिन्यांतली सर्वात कमी रुंदी दिसली, तरी उद्या ती आणखी कमी होऊ शकते. अस्थिरता कधीतरी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परतते हे खरं, पण तो दिवस कुठला हे पट्टा सांगत नाही.

पट्टा सुटताना पहिली चाल पुष्कळदा खोटी निघते, हा धोका बोलिंजरने स्वतः सांगितला आहे. इंग्रजीत त्याला हेड फेक म्हणतात. आपल्याकडे हुतुतूच्या मैदानावरचा शब्द तयारच आहे: हूल. चढाईला आलेला गडी डावीकडे झुकतो, बचाव तिकडे धावतो आणि गडी उजवीकडून पाय लावून निघून जातो.

एक उदाहरण आकड्यांनी करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. एका शेअरची वीस दिवसांची सरासरी 640 रुपये, प्रमाण विचलन 8. वरचा बँड 656, खालचा 624, रुंदी 5 टक्के आणि ती सहा महिन्यांतली सर्वात कमी. पहिल्या दिवशी भाव 660 वर बंद होतो. लोकांना वाटतं, 656 चा बँड चार रुपयांनी फोडला. पण आजचा बंद भावही आजच्या बँडमध्ये धरला जातो. वीस दिवसांपूर्वीचा भाव बाहेर पडून 660 आत आला की वरचा बँड साधारण 659 होतो. म्हणजे भाव फक्त एका रुपयाने बाहेर आहे. खालचा बँडही 624 वरून 622.60 च्या आसपास उतरला. बँड सुटायला लागले, दोन्हीकडे.

दुसऱ्या दिवशी बंद भाव 652. तो बँडच्या आत आला, आणि 624 ते 656 या जुन्या आवळलेल्या पट्ट्यातही परत आला. तिसऱ्या दिवशी 639, म्हणजे आता 641 च्या आसपास असलेल्या मधल्या रेषेच्या खाली. चौथ्या दिवशी 618, आणि त्या दिवसाचा खालचा बँड साधारण 619.50. खरी चाल खालची होती. त्याच चौथ्या दिवशी वरचा बँड चढून 661 च्या पुढे गेला होता. भाव पडत असताना वरची रेषा चढताना बघून "बँड वर उघडलाय" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे पैसे गेलेलेही पाहिले आहेत.

या उदाहरणात 660 ला घेणाऱ्याला सुटायची संधी दुसऱ्याच दिवशी मिळाली होती. म्हणून आम्ही बैठकीत एक नियम ठेवला आहे. पट्टा सुटण्याच्या आदल्या दिवशीचे दोन्ही बँड वहीत लिहून ठेवायचे आणि ते पुढे बदलायचे नाहीत, कारण चार्टवरचे बँड सरकत राहतात आणि आपली चूक झाकतात. वर बंद झाल्यानंतर तीन दिवसांत भाव वहीतल्या पट्ट्यात परत येऊन बंद झाला, की ती हूल होती असं धरायचं आणि दुसऱ्या सकाळी बाहेर पडायचं. तीन हा आकडा आमच्या सवयीचा आहे, त्यामागे सिद्धान्त नाही.

हूल ओळखल्यानंतर उलट्या बाजूला पहिला ठाम दिवस आला तर अर्धाच सौदा करावा, आणि त्या बाजूचा बँड खरोखर फुटला तर उरलेला. इथे आपल्या बाजाराची एक अडचण येते. रोख बाजारात हातात नसलेला शेअर विकून तो सौदा रात्रभर उघडा ठेवता येत नाही, त्यासाठी वायदा किंवा ऑप्शन लागतो. म्हणून साध्या गुंतवणूकदाराला उपयोगाची हूल ती, जी आधी खाली देते आणि मग वर निघते. वरच्या उदाहरणासारखी हूल असेल तर त्याचं काम हातातला माल विकणं किंवा नवा न घेणं, एवढंच.

वाट बघण्याची किंमत असते हे मान्य करावं लागेल. चाल खरी निघाली तर पहिले काही रुपये हुकतात. शिवाय ज्या शेअरमध्ये दिवसाला मोजकेच सौदे होतात किंवा जो पाच टक्क्यांच्या सर्किटमध्ये अडकतो, तिथे बँड गिऱ्हाईक नसल्यामुळे आवळतात. त्याला स्क्वीझ मानू नये. व्हॉल्यूम बघितला की हा फरक दिसतो.

पुन्हा साखरेकडे. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने त्या हंगामात उसाचा रस आणि पाक वापरून इथेनॉल करायला मनाई केली आणि साखरेचे शेअर कोसळले. आठवड्याभराने त्यात मर्यादित सूट मिळाली. अथणीच्या रानात ऊस किती उभा आहे हे अचूक माहीत असलेल्यालाही तो आदेश माहीत नव्हता. आपल्या भागाची माहिती खरी असते, तीच आपल्याला दिशेबद्दल निर्धास्त करते, आणि स्क्वीझमध्ये तो निर्धास्तपणा महाग पडतो. असे आदेश, बजेट किंवा तिमाही निकाल जवळ असतील तेव्हा भाव एका उडीत पट्टा ओलांडतो आणि स्टॉपलॉस हवा तिथे लागत नाही.

सर्वात मोठं नुकसान नगांच्या हिशोबात होतं. समजा एका व्यवहारात 5,000 रुपयांपर्यंत तोटा सोसायचा आहे. 660 ला घेऊन 656 चा स्टॉपलॉस धरला तर फरक चार रुपये, म्हणजे 1,250 शेअर, सव्वाआठ लाखांचा माल. दुसऱ्या दिवशी 652 वर बंद झाल्यावर तिसऱ्या सकाळी 651 ला विकलं तरी तोटा 11,250. एखाद्या आदेशाने भाव थेट 618 ला उघडला तर 52,500. पट्टा अरुंद असताना स्टॉपलॉस जवळ दिसतो आणि नग वाढतात, आणि रुंदी वाढणार या भरवशावर तर आपण आत शिरलेलो असतो. म्हणून नग नेहमीच्या रुंदीवरून काढावेत. या शेअरची सहा महिन्यांतली मधली रुंदी 12 टक्के असेल, तर निम्मी बाजू 6 टक्के, म्हणजे 640 वर 38.40 रुपये. 5,000 भागिले 38.40 केले की 130 शेअर येतात. 651 ला सुटलं तर 1,170 रुपये जातात, आणि 618 ला उघडला तर 5,460.