चरण कुठे मोडतो? अभंगाच्या अक्षर-पोस्टरची पार्श्वभूमी

फेब्रुवारीच्या शेवटी, मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास, एक पोस्टर हमखास दिसतं. चित्र नाही, फक्त अक्षरं, आणि ओळ तुकोबांची. यंदा एका वाचनालयाच्या दारात लावलेलं मी बराच वेळ बघत उभा होतो. चौकोनी कागदावर चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ ताणून सारख्या रुंदीची केलेली होती:

आम्हा घरी
धन शब्दांचीच
रत्ने शब्दांचीच
शस्त्रे यत्न करू

अक्षर सुबक होतं, रंग शांत होते. तरी मोठ्याने वाचायला गेलो की जीभ अडखळत होती. हे का होतं ते समजून घ्यायचं तर पोस्टर बाजूला ठेवून थोडं मागे जावं लागतं, कारण अभंग कागदावर कुठे तोडायचा हा प्रश्न पोस्टरपेक्षा कितीतरी जुना आहे.

हा अभंग ‘मोठा अभंग’ नावाच्या छंदातला. त्याच्या कडव्यात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळतं. इथे अक्षर मोजताना ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, प्रत्येक अक्षर एकच. ‘आम्हां घरीं धन’ सहा, ‘शब्दांचींच रत्नें’ सहा, ‘शब्दांचींच शस्त्रें’ सहा, ‘यत्नें करूं’ चार. रत्नें आणि शस्त्रें यांचा नाद जुळतो, आणि चौथा आखूड चरण येतो तिथे आवाज खाली बसतो. टाळाची जागाही तिथेच मिळते. तुकोबांचे सगळेच अभंग मोजून इतके नेमके बसत नाहीत, म्हणण्याच्या ओघात एखादं अक्षर कमीजास्त होतं. ही ओळ मात्र काटेकोर आहे.

हस्तलिखित पोथीला ‘ओळ’ या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. आडवं, लांबट पान, दोन्ही बाजूंना समास, आणि मधली जागा भरेपर्यंत मजकूर लिहीत जायचा. ओळीतली जागा संपली की चरण अर्ध्यावर असला तरी पुढच्या ओळीत जायचा. पद्य कुठे थांबतं हे दंड, म्हणजे उभी रेघ, सांगायचा: एका दंडाने अर्ध कडवं, दोन दंडांनी पूर्ण. अनेक पोथ्यांत हे दंड आणि कडव्यांचे आकडे लाल रंगात असत, त्यावर लाल गंध फिरवलेलं असे. काय ठळक आणि काय साधं हे तिथे अक्षराच्या आकाराने ठरत नव्हतं, रंगाने ठरत होतं. देवनागरीत रोमनसारखी मोठी-लहान लिपी नाही, तिरपं अक्षरही मुळात आपलं नाही. त्यामुळे लाल-काळ्याची ही जोडी मला आजही पोस्टरसाठी सगळ्यांत घरची वाटते.

छपाई आली आणि दंडाला ओळीची जोड मिळाली. मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादित केलेल्या तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघाला. पुढच्या गाथांतून आपल्या डोळ्यांत जी मांडणी बसली ती अशी: ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं ॥१॥’. दंडाच्या अलीकडे बारा अक्षरं, पलीकडे दहा. ग्रंथासाठी ही मांडणी उत्तम आहे, जागा वाचते आणि वाचणाऱ्याला चाल पाठ असतेच. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. ‘रत्नें’ दंडाच्या तोंडाशी दिसतं, त्याचं जोडीदार ‘शस्त्रें’ मात्र दुसऱ्या अर्धात मध्येच दडतं. यमक कानाला कळतं, डोळ्याला नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण अभंग दोन तुकड्यांत पाहिला, त्यामुळे त्यात चार चरण आहेत हे बघण्याची सवयच मोडली. वाचनालयातल्या पोस्टरची चूक मला इथे सुरू झालेली दिसते. पोस्टर करणाऱ्याला चार ओळी हव्या होत्या, पण चार जागा कुठे आहेत हे छापील पानाने त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

मधल्या काळात मराठी कवितेत आणखी एक वळण आलं, आणि त्याने गोंधळ वाढवला. कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला तेव्हापासून ओळ कुठे तोडायची हा कवीचा स्वतःचा निर्णय झाला. पुढे साठच्या दशकात, लघुनियतकालिकांच्या दिवसांत, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी अक्षराची मांडणी हीच कविता केली. अशी कविता पोस्टरवर घ्याल तर तिची एकही ओळ हलवायची नाही. अभंग मात्र हलवता येतो, पण फक्त यतीवर, म्हणजे चरण जिथे संपतो तिथे. कागदाच्या रुंदीवरून ओळ तोडणं दोन्हीकडे गैर आहे.

संगणक आल्यावर ताणणं सोपं झालं. शिशाच्या खिळ्यांनी छापायच्या काळात छापखान्यात असतील तेवढेच आकार, आता कोपरा धरून ओढलं की ओळ रुंद होते. आडवं ताणलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. पोस्टरवर ‘आम्हा घरी’ या ओळीत ते उघड दिसत होतं, तिचे काने खालच्या ओळींच्या जवळजवळ दीडपट जाड होते. त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज ‘आम्हा घरी’ला मिळाला. ज्या शब्दावर अभंग उभा आहे तो ‘शब्द’ दोनदा येऊनही दोन्ही वेळा ओळीच्या मधोमध अडकला.

आता तोड बघा. ‘धन’ पहिल्या चरणाचं, ते सुटून खाली गेलं आणि ‘धन शब्दांचीच’ असा नवाच अर्थ जुळला. ‘रत्ने शब्दांचीच’ एका ओळीत आल्याने यमकाचा शब्द ओळीच्या तोंडाशी आला. चौथ्या ओळीत ‘शस्त्रे’ घुसल्याने चार अक्षरांची विश्रांती गेली. शिवाय ‘यत्नें’चं ‘यत्न’ झालं. ‘यत्नें करूं’ म्हणजे कष्टाने शस्त्रं घडवू. ‘यत्न करू’ म्हणजे नुसता प्रयत्न करू, आणि शस्त्रं वाऱ्यावर. आजच्या लेखननियमांत केशवसुतपूर्व पद्य मुळाप्रमाणे छापावं असं स्पष्ट म्हटलेलं आहे, म्हणून अनुस्वारही ठेवायला हवे होते.

मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. एकच आकार, डावी कड सरळ, ताण नाही:

आम्हां घरीं धन
शब्दांचींच रत्नें
शब्दांचींच शस्त्रें
यत्नें करूं

मधल्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होतात आणि यमकावर संपतात, हे पहिल्या नजरेत कळतं. वेगळं वजन कुणाला द्यावं लागत नाही, ‘शब्दांचींच’ एकाखाली एक येऊन आपोआप ठळक होतं. चौथी ओळ आखूड राहते आणि तिच्या उजवीकडची मोकळी जागा म्हणजेच तो विसावा. ती भरायची नाही. ओळींमधलं अंतर रोमनच्या सवयीने ठेवलं तर ‘चीं’वरची वेलांटी आणि अनुस्वार वरच्या ओळीच्या पायाला भिडतात, म्हणून मी ते अक्षराच्या आकाराच्या दीडपट घेतलं. ‘श’ मराठी वळणाचा निवडला, कारण तो तीनदा येतो आणि हिंदी वळणाचा ‘श’ तीनदा खटकला असता. शेवटी दोन दंड घातले आणि लाल फक्त तेवढेच केले. तुकोबांचं नाव खाली लहान अक्षरात टाकलं, कारण ‘तुका म्हणे’ हे कडवं या पोस्टरवर नाही. ते घेतलं असतं तर खाली नावाची गरज नव्हती.