शांतता पत्रकारिता आणि युद्ध पत्रकारिता : फरक सुरात नाही, बातमीदारीत आहे

जर्नलिझमच्या थिअरी पेपरात ‘शांतता पत्रकारिता आणि युद्ध पत्रकारिता यांतला फरक सांगा’ या प्रश्नाच्या उत्तरांत एक हमखास चूक दिसते. शांतता पत्रकारिता म्हणजे सौम्य भाषा, भडक मथळे टाळणे आणि शेवटी सलोख्याचे आवाहन. युद्ध पत्रकारिता म्हणजे चिथावणी. असे लिहिले की उत्तर गुळगुळीत होते आणि मूळ मांडणी हातातून निसटते. अगदी संयत शब्दांत, कोणालाही शिवी न देता लिहिलेली बातमीसुद्धा पक्की युद्ध पत्रकारिता असू शकते. उलट हिंसाचाराचे नेमके वर्णन करणारी, दगड कोणी मारले ते नाव घेऊन सांगणारी बातमी शांतता पत्रकारितेत बसते.

ही जोडी मांडली नॉर्वेचे शांतता अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी. मुळाशी त्यांचाच जुना अभ्यास आहे. 1965 साली मारी होल्मबो रुगे यांच्यासह त्यांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वृत्तपत्रांत कशा आल्या ते तपासले आणि घटनेची बातमी कशामुळे होते याचे बारा घटक काढले. त्यांतले तीन आपल्या विषयाला थेट भिडतात. घटना वृत्तपत्राच्या दिनक्रमात बसली पाहिजे, ती नकारात्मक असेल तर लवकर निवडली जाते, आणि तिच्यात बडी माणसे असली तर वजन वाढते. एका दिवसात घडून संपणारी दगडफेक या तिन्ही चाळण्यांतून सहज खाली येते. चाळीस वर्षे चाललेली पाणीटंचाई पहिल्याच चाळणीत अडकते. म्हणजे युद्ध पत्रकारिता करायला कोणाचा कट लागत नाही. डेस्कने नेहमीचे काम नेहमीसारखे केले तरी ती होते.

गाल्टुंग यांनी पुढे दोन्ही पद्धतींचे चार अक्ष ठरवले. युद्ध पत्रकारितेचा रोख हिंसेकडे, प्रचाराकडे, सत्ताधारी वर्गाकडे आणि विजयाकडे असतो. शांतता पत्रकारितेचा रोख संघर्षाच्या मुळाकडे, सत्याकडे, सामान्य माणसांकडे आणि तोडग्याकडे असतो. त्यांनीच दिलेली उपमा लक्षात ठेवायला सोपी आहे. पहिली क्रीडावार्तेसारखी चालते, कोण जिंकले यावर तिची नजर असते. दुसरी आरोग्यवार्तेसारखी, जी रुग्णाची अवस्था सांगते, पण रोगाचे कारण आणि उपायही सांगते.

हे चार अक्ष पाठ करून लिहिले तर उत्तर कोरडे राहते. म्हणून मराठी वाचकाच्या ओळखीचा प्रसंग घेऊ : डिसेंबर 2022 मधला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद. हे युद्ध नव्हते, पण दोन पक्ष, भूभागावरचा दावा, रस्त्यावरची हिंसा आणि दोन भाषांतली माध्यमे एवढे सगळे त्यात होते. मॉडेल लावून बघायला तेवढे पुरते.

घटनाक्रम असा. 22 नोव्हेंबरला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील गावांवर दावा सांगितला. या गावांनी कर्नाटकात सामील होण्याचा ठराव केला होता, हा त्यांचा आधार. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिले की तो ठराव 2012 चा, पाणीटंचाईच्या वेळचा आहे. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला जाणार होते, तो दौरा झाला नाही. 6 डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासण्यात आले आणि एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. 14 डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी दावा सांगायचा नाही आणि दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून चर्चा करतील, असे ठरले.

आता 6 डिसेंबरच्या बातमीचे दोन इंट्रो बघा. दोन्ही या लेखासाठी रचलेले आहेत.

पहिला : ‘बेळगावात कन्नड संघटनांनी महाराष्ट्राच्या वाहनांवर हल्ला चढवल्यानंतर राज्यात संतापाची लाट उसळली असून पुण्यात त्याला चोख प्रत्युत्तर देण्यात आले. मुख्यमंत्र्यांनी कर्नाटकला खडसावले आहे.’

दुसरा : ‘जतच्या गावांवरील दाव्यातून दोन आठवडे चाललेल्या शाब्दिक चकमकींनंतर मंगळवारी बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तर पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासण्यात आले. एसटी बंद झाल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना रोज ये-जा करणारे प्रवासी अडकले. मूळ दाव्याचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.’

पहिल्यात खोटे असे काही नाही. तरी चारही अक्ष युद्धाच्या बाजूला झुकले आहेत आणि ते प्रत्येक वेळी एखाद्या लहान शब्दाने घडले आहे. ‘हल्ला’ त्यांचा आणि ‘प्रत्युत्तर’ आपले. गाल्टुंग म्हणतात तो प्रचाराचा रोख इथे बसला : आपल्या बाजूची तोडफोड कृती न राहता प्रतिक्रिया झाली. ‘राज्यात संताप’ म्हटले की बारा कोटींचा एक पक्ष तयार झाला आणि समोर तेवढाच एकसंध दुसरा. बोलणारा एकटा मुख्यमंत्री. आणि गोष्ट सुरू होते ती दगड पडल्याच्या क्षणी. त्याआधीचा काळ बातमीत नाहीच.

दुसऱ्या इंट्रोत दगडफेक लपवलेली नाही, काळे फासणेही नाही. दोन्ही कृतींना एकाच जातीचे क्रियापद मिळाले आहे. काळाची सुरुवात मागे नेली आहे आणि भोगणारे दोन्ही बाजूंचे आहेत. पण इथेच थांबले तर ती फक्त समतोल बातमी झाली, आणि समतोल म्हणजे शांतता पत्रकारिता नव्हे. दोन्हीकडच्या प्रवक्त्यांना प्रत्येकी दोन ओळी देणारी बातमीसुद्धा दोनच पक्ष आहेत, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, हेच गृहीत धरते.

तिथून पुढे जायला जतचा धागा ओढावा लागतो. तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावे आहेत आणि तो पट्टा दुष्काळी आहे. 2012 च्या ठरावाला अस्मितेचा रंग नंतर चढला. तेव्हाचे गाऱ्हाणे पाण्याचे होते. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी त्या गावांपर्यंत पोचत नव्हते. म्हणजे इथे दोन राज्ये हे दोनच पक्ष नाहीत. जतचे शेतकरी तिसरा पक्ष आहेत आणि त्यांची मागणी कोणत्याच राजधानीच्या मागणीशी जुळत नाही. बेळगावातले मराठी भाषक चौथा. त्यांचा रोजचा प्रश्न कागदपत्रे, फलक आणि शाळांच्या भाषेचा आहे, आणि सीमारेषा कुठे आहे याच्यापासून तो काही अंशी वेगळा काढून सोडवता येतो. शांतता पत्रकारितेतला ‘तोडगा’ हा असा सापडतो. बातमीदाराने तो सुचवायचा नसतो. कोणाला नेमके काय हवे आहे हे शोधले की न्यायालयाच्या निकालावाचून सुटू शकणाऱ्या मागण्या आपोआप वेगळ्या दिसतात.

सत्याच्या अक्षावर मराठी बातमीदाराची परीक्षा अधिक कडक आहे. दोन्ही बाजूंची असत्ये आणि सोयीची अर्धसत्ये उघडी करायची, असा गाल्टुंग यांचा आग्रह आहे. बोम्मईंनी पुढे केलेला ठराव दहा वर्षांपूर्वीचा होता हे आपल्याकडे छापून आले. त्याच न्यायाने, सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि कर्नाटकाने धरून ठेवला, हेही आकड्यांसह यायला हवे : आयोगाने 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला देण्याची शिफारस केली होती, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले होते. हे सांगितले म्हणून महाराष्ट्राची बाजू सोडली असे होत नाही.

पेपरात संशोधनाचा दाखला विचारतात तेव्हा सिओ टिंग ली आणि क्रिस्पिन मास्लोग यांचा 2005 चा अभ्यास द्यावा. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधल्या दहा वृत्तपत्रांतल्या 1,338 बातम्या त्यांनी तपासल्या. गाल्टुंग यांच्या अक्षांवरून दोन्ही बाजूंचे तेरा-तेरा निर्देशक केले आणि प्रत्येक बातमीत कोणत्या बाजूचे जास्त सापडतात ते मोजले. सरस ठरेल ती चौकट, बरोबरी झाली तर तटस्थ. निम्म्याहून अधिक, 56 टक्के, बातम्या युद्धाच्या चौकटीत निघाल्या. काश्मीरबद्दलच्या बातम्यांत हा कल सर्वांत ठळक होता.

खरी मेख मात्र उरलेल्या बातम्यांत आहे. ज्या शांततेच्या चौकटीत बसल्या त्या मुख्यतः तीन निर्देशकांवर : समोरच्याला राक्षस ठरवणारी विशेषणे टाळणे, पक्षपात न करणे, दोनाहून अधिक पक्षांचा उल्लेख. म्हणजे काय केले यापेक्षा काय टाळले यावर. मुळांचा शोध आणि तोडग्याची चाचपणी, म्हणजे ज्यासाठी बातमीदाराला ऑफिसबाहेर पडावे लागते, ते भाग फिके राहिले. सौम्य भाषा म्हणजेच शांतता पत्रकारिता हा गैरसमज इथे मोजणीतही शिरलेला दिसतो. तुम्ही स्वतः असे कोडिंग, म्हणजे बातम्यांची निर्देशकांनुसार नोंद, करणार असाल तर बेरजेशिवाय प्रत्येक निर्देशकाचा वेगळा आकडा द्या, नाहीतर नुसती मवाळ बातमी आणि कष्टाने केलेली बातमी एकाच रकान्यात जाईल.

आक्षेप दोन ओळींत उरकू नका. बीबीसीचे माजी बातमीदार डेव्हिड लॉइन यांचे म्हणणे असे की पत्रकार प्रेक्षक आहे, खेळाडू नाही. शांतता घडवणे हे त्याने उद्दिष्ट मानले की निरीक्षण दूषित होते. याला उत्तर देता येते, कारण कोणते कोट घ्यायचे आणि गोष्ट कुठून सुरू करायची ही निवड लॉइन यांनाही करावीच लागते. माध्यम अभ्यासक थॉमस हानित्श यांचा आक्षेप जास्त जड आहे. हे मॉडेल सारी जबाबदारी एकट्या बातमीदारावर टाकते. डेडलाइन, जागा, मालकी आणि वाचकाची आवड यांचा हिशेब त्यात कच्चा आहे. जतला जाऊन कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याशी बोलायला भाषा येणारा माणूस, एक दिवस आणि गाडीभाडे लागते. मंत्र्यांची बाईट मोबाइलवर फुकट येते.

नमुना निवडतानाही मॉडेल उलटू शकते. सीमावादाच्या बातम्यांचे विश्लेषण करायचे म्हणून 1 ते 15 डिसेंबर 2022 असा काळ घेतला, तर दगडफेक आणि दिल्लीची बैठक मिळेल. कर्नाटक विधिमंडळाचा 22 डिसेंबरचा ठराव आणि महाराष्ट्राचा 865 गावांबाबतचा 27 डिसेंबरचा ठराव मात्र सुटेल. सहा मंत्र्यांच्या समितीचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा झाला की नाही, हेही कळणार नाही. पाठपुरावा हा शांतता पत्रकारितेचा निर्देशक आहे, त्यामुळे काळ तोकडा घेतला की सगळीच वृत्तपत्रे त्यात नापास दिसतात. निदान पुढचे सहा महिने नमुन्यात धरा, आणि सांगली व बेळगाव आवृत्त्या मुंबई-पुण्याच्या आवृत्त्यांपासून वेगळ्या मोजा.