मेटाप्लेझिया की डिस्प्लेझिया? सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेचा रिपोर्ट वाचताना

श्वासनलिकेच्या बायोप्सीच्या रिपोर्टात दोन शब्द फार गोंधळ घालतात. ‘स्क्वेमस मेटाप्लेझिया’ आणि ‘डिस्प्लेझिया’. दोन्ही ऐकायला सारखे, आणि दोन्हींच्या खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: कॅन्सर आढळला नाही. मग घरातला एक जण म्हणतो, सुटलो. दुसरा नेटवर वाचून म्हणतो, ही तर कॅन्सरचीच सुरुवात. मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि काउंटरवर ही जोडी नेहमी भेटते. खरं सांगायचं तर शब्दानुसार कधी पहिला बरोबर असतो, कधी दुसरा.

उदाहरणादाखल एक रिपोर्ट घेऊ. नारायण पेठेतले एक दुकानदार, वय 58. 30 वर्षं रोज एक पाकीट, म्हणजे 20 सिगारेटी. खोकला जुनाच, पण आता बेडख्यात रक्ताची रेघ दिसली. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीचा, तो तपासला, नव्हता. एक्स-रे स्वच्छ. छातीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि उजव्या बाजूच्या नळ्यांमधून दोन तुकडे काढले, प्रत्येक तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. एका तुकड्याचा रिपोर्ट आला मेटाप्लेझिया, दुसऱ्याचा मध्यम डिस्प्लेझिया. माणूस एकच, सिगारेट तीच, दोन जागांमध्ये काही सेंटिमीटरचं अंतर. त्यांच्या भाच्याने विचारलं, “मॅडम, मामांना नक्की काय झालंय? दोनपैकी कुठला रिपोर्ट खरा?”

दोन्ही खरे. ते कसे, हे कळायला आधी निरोगी अस्तर डोळ्यांसमोर हवं. मोठ्या श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला उंच, सडपातळ पेशींची रांग असते. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर 200 च्या आसपास बारीक केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सेकंदाला दहाएक वेळा एकाच दिशेने हलतात आणि चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ आणि जंतू घशाकडे ढकलतात. मधूनमधून गॉब्लेट पेशी असतात, त्या हा स्राव तयार करतात. आणि सगळ्यात खाली बसक्या, गोलसर बेसल पेशी. वरची पेशी मेली की तिची जागा भरणारी नवी पेशी यांच्यातूनच येते. या सगळ्यांच्या खाली बेसमेंट मेंब्रेन नावाचा पातळ पडदा. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या त्या पडद्याच्या पलीकडे. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या.

सिगारेटच्या धुरातली अ‍ॅक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड ही रसायनं सिलियांना आधी मंदावतात, मग पांगळं करतात. विडीलाही यातून सूट नाही. तेंदूचं पान हवा नीट आत घेत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी झुरके जास्त वेळा मारावे लागतात. आता ढकलणारे हात कमी झाले आणि चिडलेल्या अस्तरात गॉब्लेट पेशी मात्र वाढल्या. स्राव जास्त, वाहून नेणारं कुणी नाही. तो बाहेर काढायला मग खोकलाच उरतो. टपरीवर “हा तर स्मोकरचा खोकला” म्हणून हसण्यावारी नेतात तो हाच.

पुढे बेसल पेशी भराभर वाढून एकावर एक थर चढवतात. मार बसतच राहिला तर त्या सिलियावाल्या पेशी बनवणं सोडून देतात आणि चपट्या, चिवट पेशी बनवायला लागतात. तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या आत असतात तशा. हा स्क्वेमस मेटाप्लेझिया. पेशींचा प्रकार बदलला, पण शिस्त बदलली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे अगदी स्पष्ट दिसतं: तळाला लहान, गडद केंद्रकांची ओळ, मध्ये थोड्या मोठ्या पेशी, वर जाताना त्या चपट्या होत जातात. केंद्रकं एकमेकांसारखी. विभागणारी पेशी दिसलीच तर तळाशी, जिथे ती असायला हवी तिथेच. धुराला तोंड देण्यासाठी अस्तराने केलेली ही तडजोड आहे, आणि तिची किंमत म्हणजे त्या पट्ट्यात सिलिया नाहीत. धूर थांबला तर हा बदल बऱ्याचदा मागे फिरतो. तो सिगारेटमुळेच होतो असंही नाही. जुना टीबी, वर्षानुवर्षांचा संसर्ग, ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता यांतही तो दिसतो.

डिस्प्लेझियामध्ये पेशींचा प्रकार तोच चपटा असतो, म्हणूनच तर गोंधळ होतो. बिघडलेली असते ती शिस्त. केंद्रकं फुगतात, वेड्यावाकड्या आकाराची होतात, रंग जास्त धरतात. एकीचं केंद्रक शेजारणीच्या दुप्पट. पेशी वर सरकली तरी चपटी व्हायचं नाव घेत नाही, आणि विभागणाऱ्या पेशी मधल्या थरांत सापडतात. ही गडबड तळाच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत असेल तर सौम्य, दोन तृतीयांशापर्यंत मध्यम, त्याच्याही वर चढली तर तीव्र. संपूर्ण जाडी अशा पेशींनी भरली आणि वर पोचूनही पेशी चपट्या होत नसतील, तर त्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात. मात्र तेव्हाही खालचा पडदा शाबूत असतो, आणि वाहिन्या त्याच्या पलीकडे असल्यामुळे या पेशींना शरीरात इतरत्र जायला वाट नसते. पडदा फोडून त्या खाली उतरल्या की मगच तो पसरू शकणारा कॅन्सर.

म्हणजे मेटाप्लेझियात पेशीने वेगळं काम पत्करलेलं असतं, आणि डिस्प्लेझियात पेशीच्या सूचनाच बिघडलेल्या असतात. हा बिघाड येतो कुठून, याचं एक उदाहरण चांगलं अभ्यासलेलं आहे. धुरातलं बेन्झोपायरीन बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याचं रूपांतर करायला जातं, आणि त्या खटाटोपात तयार होणारा एक पदार्थ डीएनएमधल्या ग्वानीन या अक्षराला चिकटतो. पेशी विभागताना तिथे चुकीचं अक्षर नकललं जातं. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पेशीला आवर घालणाऱ्या पी53 या जनुकात हा पदार्थ ज्या जागी जास्त चिकटतो, त्याच जागी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघाड सापडतात. वरच्या पेशी झडून जातात, पण असा बिघाड बेसल पेशीत झाला तर तिच्यापासून होणाऱ्या प्रत्येक पेशीत तो उतरतो.

इथे माझ्याच क्षेत्रातल्या लोकांची एक सवय मला खटकते. ‘मेटाप्लेझिया म्हणजे निरुपद्रवी’ असं आम्ही पटकन सांगून मोकळे होतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या अस्तरात गुणसूत्र 3 आणि 9 चे काही तुकडे हरवलेले असतात. ही हानी मेटाप्लेझियातच काय, सूक्ष्मदर्शकाखाली नॉर्मल दिसणाऱ्या पट्ट्यातही सापडते. पेशींचं दिसणं आणि त्यांच्या आतलं नुकसान हातात हात घालून चालतात असं नाही. 20 वर्षं धूम्रपान केलेल्या माणसाचा मेटाप्लेझिया आणि टीबीच्या जुन्या व्रणाशेजारचा मेटाप्लेझिया काचेवर सारखेच दिसतील, पण मी त्यांना सारखं मानणार नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. धूर सगळ्या नळ्यांना लागतो, पण बिघाड प्रत्येक ठिकाणी सारखा साचत नाही. एका जागी अस्तर तडजोडीवर थांबलंय, दुसऱ्या जागी त्याच्या दोन पावलं पुढे गेलंय. तिसरी जागा कशी आहे ते माहीत नाही, कारण तिथला तुकडा घेतलेलाच नाही. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरही ते कळत नाही. हे बदल अस्तराच्या जाडीतच घडतात, आणि ती मिलिमीटरचा लहानसा अंश असते. त्यासाठी काही ठिकाणी निळ्या प्रकाशाची दुर्बीण वापरतात. त्या प्रकाशात निरोगी अस्तर हिरवं चमकतं, बिघडलेली जागा लालसर-तपकिरी दिसते. पण नुसती सूजही तशीच दिसू शकते, म्हणून शेवटी तुकडा काढावाच लागतो.

तुकडा मिळाला तरी वाचताना फसगत होते. सगळ्यात नेहमीची म्हणजे तिरका काप. आळूवडीचा उंडा आडवा कापला तर थर नीट मोजता येतात, बाजूने तिरका तासला तर एकाच पानाचा मोठा पट्टा दिसतो. तसंच अस्तर तिरकं कापलं गेलं की तळाच्या गडद बेसल पेशीच सगळी जाडी व्यापून बसल्यासारख्या दिसतात आणि साधा मेटाप्लेझिया तीव्र डिस्प्लेझियाचं सोंग घेतो. अशा वेळी मी तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो त्यातून आणखी खोल काप मागवते. दुसरी फसगत संसर्गाची. सुजलेल्या अस्तरातही केंद्रकं मोठी होतात, पण ती एकमेकांसारखी मोठी होतात, त्यांच्या कडा गुळगुळीत राहतात आणि आसपास पांढऱ्या पेशींची गर्दी असते. हे सगळं सांभाळूनही सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही. तीव्र डिस्प्लेझियाबाबत मात्र मी दुसऱ्या डोळ्यांखालून काच गेल्याशिवाय सही करत नाही.

ही शिडी एका दिशेनेच चढते असंही नाही. सौम्य डिस्प्लेझिया बऱ्याचदा आपोआप मावळतो, मध्यमही मावळू शकतो. कार्सिनोमा इन सिटूमधलेही काही डाग मागे फिरलेले नोंदले गेलेत, पण त्या पायरीवर वाट पाहण्याचा धोका फार मोठा. सिगारेट सोडल्यावर काय होतं, याबद्दल 2020 मध्ये 16 जणांच्या श्वासनलिकेतल्या पेशींचा डीएनए वाचून झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. धूम्रपानाने एकेका पेशीत हजारो जादा बिघाड झालेले होते. पण सिगारेट सोडलेल्यांमध्ये जवळजवळ निरोगी पेशींचं प्रमाण ओढत असलेल्यांपेक्षा चौपट होतं. खराब पेशी दुरुस्त झाल्या असं नव्हे. कुठेतरी बचावून राहिलेल्या पेशींनी पुन्हा जागा भरली असावी.

आणखी एक मर्यादा. ही सगळी पायऱ्यांची वाट मोठ्या नळ्यांमधल्या स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, कॅन्सरची आहे. फुप्फुसाच्या कडेला होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा दुसरा कॅन्सर वेगळ्या वाटेने येतो. त्याच्या आधी मेटाप्लेझिया शोधत बसण्यात अर्थ नाही. सिगारेट त्यालाही कारण होते.

दुकानदारांना सिगारेट बंद करून काही महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीला बोलावलं आहे. तेव्हा दुसऱ्या जागेवर डिस्प्लेझिया सापडला नाही, तरी त्याचे दोन अर्थ निघतील. तो मावळला असेल, किंवा पहिल्या वेळी चिमट्याने तो सगळाच उचलून काढला असेल. इतक्या लहान डागाच्या बाबतीत दुसरी शक्यता अगदी खरी असते, आणि काचेवरून या दोन्हींतला फरक मला सांगता येणार नाही. त्यामुळे त्या वेळी रिपोर्टात लिहिलं जाईल ते फक्त त्या दिवशी त्या जागी काय दिसलं, एवढंच.