कंपवातातलं नैराश्य: कोणतं लक्षण कोणाच्या खात्यात?

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवाताचं वर्णन केलं, तेव्हा संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात असं लिहिलं. त्यानंतर बराच काळ हा हालचालींचाच आजार मानला गेला. रुग्ण खचलेला दिसला, तर ‘एवढं सोसल्यावर खचणारच’ असं म्हणून विषय मिटायचा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मेंदूतली डोपामिनची कमतरता भरून काढणारं लेव्होडोपा हे औषध आलं. हातपाय मोकळे झाले, तरी अनेकांचं मन उदासच राहिलं. म्हणजे नैराश्य ही निव्वळ अपंगत्वाची प्रतिक्रिया नव्हती. पुढे 2003 मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ब्राक आणि सहकाऱ्यांनी आजाराचे टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीनुसार मेंदूच्या देठातली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या मनःस्थितीशी निगडित रसायनांची केंद्रं, हालचालींसाठी डोपामिन पुरवणाऱ्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागाच्या आधीच बाधित होतात. कंप दिसण्याआधी काही वर्षं नैराश्य का येतं, याचा एक धागा त्यात मिळतो.

निदानाचा पेच मात्र कायम होता. भावशून्य चेहरा, मंद हालचाल, थकवा, तुटक झोप ही लक्षणं दोन्ही आजारांत असतात. ती वगळून मोजलं तर नैराश्य निसटतं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या मज्जाविकार व मानसिक आरोग्य या दोन राष्ट्रीय संस्थांच्या कार्यगटाने सुचवलं, की कारणाच्या वादात न पडता सगळी लक्षणं मोजा, मूल्यमापन औषधाचा प्रभाव असलेल्या ‘ऑन’ अवस्थेत आहे की तो उतरलेल्या ‘ऑफ’ अवस्थेत हे नोंदवा आणि घरच्यांनाही विचारा. माझ्या मते यातला वेळेचा मुद्दा सर्वांत मोलाचा, आणि ओपीडीच्या घाईत नेमका तोच सुटतो.

एक नमुना रुग्ण घेऊ. वय 64, आजार सहा वर्षांचा, लेव्होडोपा सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 वाजता. पत्नी सांगते, ‘दुपारी एकच्या सुमाराला हे रडवेले होतात, घाबरतात.’ आठवडाभर दर तासाला मन आणि हालचाल दोन्हींची नोंद ठेवली, तेव्हा गोळीनंतर पाऊण तासाने घाबरणं ओसरतं असं दिसलं. हा डोसचा प्रभाव उतरण्याचा भाग. उपाय न्यूरॉलॉजिस्टकडे, दोन डोसमधलं अंतर कमी करणं. पण चांगल्या ‘ऑन’मध्येही ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हे वाक्य आणि नातवंडांबद्दलची अनास्था तशीच राहिली. हे नैराश्य, इथे आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाने उपचार सुरू करायचे. नुसती अनास्था असती, उदासी किंवा अपराधीपणा नसता, तर अ‍ॅपथीचा, म्हणजे नैराश्याशिवाय येणाऱ्या निरिच्छतेचा विचार करावा लागला असता.

नैराश्यविरोधी औषधांचा पुरावा उशिरा आला. 2009 च्या एका छोट्या चाचणीत नॉरट्रिप्टिलिन प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं, पॅरॉक्सेटिन नाही. 2012 च्या 115 रुग्णांच्या चाचणीत मात्र पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन दोन्ही उपयोगी ठरली, शिवाय हालचाली बिघडल्या नाहीत. त्याआधी 2011 मध्ये कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचाही स्पष्ट फायदा दिसला होता. नॉरट्रिप्टिलिन देताना उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का, बद्धकोष्ठता वाढते का, गोंधळ होतो का हे पाहावं लागतं. रुग्ण कंपवातावरची रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही औषधं घेत असेल, तर नैराश्यविरोधी औषधासोबत सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिनचा प्रभाव घातक प्रमाणात वाढण्याचा धोका कमी असला तरी असतो. त्यामुळे औषधांची पूर्ण यादी दोन्ही डॉक्टरांच्या कागदावर एकच हवी.