ठोसा आणि गाल यांच्यामधली फूटभर जागा

पडद्यावर नायक खलनायकाच्या गालावर ठोसा मारतो, गाल वळतो, माणूस कोलमडतो. चित्रीकरणाच्या वेळी त्या मुठीत आणि गालात साधारण तीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर अंतर असतं. हे अंतर प्रेक्षकाला दिसत नाही, यात हातचलाखी फारशी नाही. त्यामागे भूमिती, आपल्या मेंदूचा वेळेचा हिशेब आणि एक आवाज आहे. सगळी मारामारी उलगडत बसण्यापेक्षा एकच ठोसा घेऊ: उजव्या हाताचा, बाजूने गोल फिरून येणारा, ज्याला मुष्टियुद्धात हूक म्हणतात.

पडद्यावर सरळ समोरून जाणाऱ्या ठोशापेक्षा हा गोल ठोसा जास्त का दिसतो? कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. आपण दोन डोळ्यांनी बघतो तेव्हा दोन्हींच्या चित्रांतल्या बारीक फरकावरून मेंदू खोली ओळखतो. कॅमेऱ्यात ती सोय नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत एकामागे एक असलेल्या दोन गोष्टी पडद्यावर एकमेकींना चिकटतात. फूटभर जागा लपवायची तर ती नेमकी याच रेषेत आणायची. मग ती जागा फक्त खोलीत उरते, आणि खोली तर पडद्याला नाहीच.

सरळ ठोसा गालाच्या दिशेने जातो आणि अलीकडे थांबतो. कॅमेरा त्या रेषेपासून दहा अंश बाजूला गेला, तर तीस सेंटिमीटरच्या जागेतले पाच सेंटिमीटर दिसू लागतात. पंचेचाळीस अंशांवर एकवीस सेंटिमीटर दिसतात, आणि अगदी बाजूने पाहिलं तर सगळी जागा उघडी पडते. शिवाय मूठ हवेत थांबलेली दिसते, ती वेगळीच पंचाईत. गोल ठोसा मात्र थांबत नाही. तो चेहऱ्यासमोरून आडवा सरकत जातो, म्हणजे कॅमेऱ्यातून पाहताना मूठ कुठल्या तरी क्षणी गालावर येतेच. कॅमेरा थोडा चुकला तर जागा दिसत नाही, फक्त तो क्षण पुढेमागे होतो. मूठ सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असेल आणि कॅमेरा वीस अंश चुकला असेल, तर हा फरक सुमारे बावीस मिलिसेकंदांचा होतो. सेकंदाला चोवीस चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात ही अर्धी फ्रेम झाली. पंचेचाळीस अंशांवर मात्र ती दीड फ्रेमच्या आसपास जाते, आणि तिथे डोळ्याला खटकायला लागतं.

आता मांडणी. मारणारा आणि मार खाणारा समोरासमोर उभे. कॅमेरा मारणाऱ्याच्या मागे, त्याच्या उजव्या खांद्याच्या किंचित बाहेर, डोक्याच्या उंचीवर. इथून मार खाणाऱ्याचा चेहरा पूर्ण दिसतो. मूठ चौकटीच्या उजवीकडून येते, चेहऱ्यासमोरून डावीकडे जाते आणि मारणाऱ्याच्याच अंगामागे गायब होते. पुढे मूठ कुठे थांबली, हे कुणाला दिसत नाही.

कॅमेरा जवळ ठेवून रुंद लेन्स लावायचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की घोटाळा होतो. मूठ कॅमेऱ्यापासून एक मीटरवर आणि गाल त्याच्या तीस सेंटिमीटर पलीकडे असेल, तर मूठ तिच्या प्रमाणापेक्षा तीस टक्के मोठी दिसते. ती पुढे आहे हे प्रेक्षकाच्या ध्यानात येतं, भले त्याला कारण सांगता येणार नाही. हाच शॉट मूठ चार मीटरवर राहील इतकं मागे जाऊन, लांब लेन्सने घेतला, तर हा फरक साडेसात टक्क्यांवर येतो. श्रेय खरं तर अंतराचं आहे. लेन्स फक्त दूर गेल्यावर लहान झालेलं चित्र पुन्हा मोठं करते.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांचा एक ठोसा हमखास फसतो आणि त्यांना का ते कळत नाही. सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्यात पाच मीटर वेगाची मूठ सुमारे दहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच रुंदीइतकी. चित्रात मुठीऐवजी एक फराटा उमटतो, आणि फराट्याची कड नेमकी कुठे संपते ते ठरवता येत नाही. भर उन्हात मोबाइल आपण होऊन शटर १/१००० सेकंदापर्यंत आणतो. मग मूठ पाच मिलिमीटरच सरकते, एकेक बोट कोरल्यासारखं दिसतं आणि ठोशातली हवा निघून जाते. उपाय सोपा आहे. शटर हाताने १/५० च्या आसपास लॉक करायचं आणि जास्तीचा प्रकाश अडवायला लेन्सवर एनडी फिल्टर लावायचा.

एवढं केलं तरी ठोसा अजून लागलेला नाही. तो लागतो मार खाणाऱ्यामुळे. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर असे प्रयोग केले: एक ठिपका सरकत दुसऱ्याजवळ येऊन थांबतो आणि दुसरा चालू लागतो. दुसरा लगेच निघाला, तर बघणाऱ्याला पहिल्याने त्याला ढकललं असंच दिसतं, विचार करायची गरजच पडत नाही. पण मध्ये साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ गेला, की ढकलल्याचा भास विरतो आणि दोन वेगवेगळ्या हालचाली दिसतात. आपला ठोसा याच भासावर उभा आहे. मूठ गालावर आलेली दिसते त्याच फ्रेमला, फार तर पुढच्या एक-दोन फ्रेममध्ये, डोकं निघालं पाहिजे.

अडचण अशी की समोर काही दिसल्यावर माणसाला हालचाल सुरू करायला साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पाच फ्रेम. मूठ येताना बघून जो प्रतिक्रिया देतो, तो कायम उशिरा पडतो. कितीही चपळ नट असला तरी. म्हणून मूठ बघायचीच नाही. मारणारा हात मागे घेतो, खांदा वळवतो, आणि तो वळवण्याचा क्षण हाच मार खाणाऱ्याचा इशारा असतो. तिथून पुढे दोघांनी पाठ केलेल्या एकाच तालावर हालायचं. मागे घेणं हा एक, मूठ नाकासमोर येणं हा दोन, आणि दोनवर डोकं मूठ जाते आहे त्याच दिशेने वळतं. मारणाऱ्याने हात घाईत मागे घेतला, तर समोरच्याला इशारा मिळत नाही. प्रेक्षकालाही ठोसा येतोय हे कळत नाही, म्हणजे नुकसान दुहेरी.

डोकं वळवायचं म्हणजे मान झटकायची नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. दहा टेकमध्ये मान झटकली तर दुसऱ्या दिवशी ती फिरणार नाही. वळण कमरेतून सुरू करायचं, खांदे जातात, डोकं त्यांच्यामागे जातं. पडद्यावर ते जास्त जड दिसतं, कारण खरा धक्काही अख्ख्या अंगाला हलवतो.

सुरक्षेचं बाकीचं बरंचसं जमिनीवर ठरतं. मारणाऱ्याने हात बोटांसकट पूर्ण ताणून पुढे वाकायचं. तरीही समोरच्याच्या चेहऱ्याला बोट पोचत नाही, एवढं अंतर ठेवायचं आणि दोघांच्या पावलांशी जमिनीवर चिकटपट्टी लावायची. ही पट्टी दिखाव्याची नाही. अंगात जोश चढला की प्रत्येक टेकला मारणारा नकळत थोडा पुढे सरकतो, त्याला स्वतःला ते जाणवत नाही. म्हणून कॅमेऱ्याबाहेरच्या एकाने फक्त पावलं बघायची. नेम गालावर नसतो, तर हाताच्या टप्प्यातच हवेत ठरवलेल्या एका ठिकाणी असतो. अंगठी आणि घड्याळ काढायचं, सुरुवातीला नजरेला नजर द्यायची. आधी अगदी संथ, मग निम्म्या वेगाने, मग तीन चतुर्थांश. बहुतेक वेळा तीन चतुर्थांश वेगच कॅमेऱ्याला पुरतो, त्यामुळे पुढे जायची गरज पडत नाही. पडणं, काच, जिना, हत्यार यातलं काहीही मध्ये आलं, तर अनुभवी फाइट मास्टरशिवाय सुरुवात करू नये.

आता आवाज. खऱ्या ठोशाचा आवाज बुळा असतो. मांस आणि कपडा तीक्ष्ण आवाज गिळून टाकतात, दहा पावलांवर उभं राहिलं तर धप्प एवढंच ऐकू येतं. पडद्यावरचा फटका नंतर स्टुडिओत रचलेला असतो: चामड्याच्या हातमोज्यावर मारलेली चापट, जाड मांसाच्या तुकड्यावर आपटलेली मूठ, हाडासाठी सेलरीचा दांडा मोडलेला. त्याआधी हवा कापण्याचा सूं आवाज आणि नंतर मार खाणाऱ्याचा सुटलेला श्वास. माझ्या मते यातला श्वास सगळ्यात जास्त काम करतो आणि नवखे लोक नेमका तोच विसरतात.

पण हा आवाज नुसती सजावट नाही, तो डोळ्याला काय दिसतं तेच बदलतो. १९९७ साली रॉबर्ट सेक्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग मांडला. पडद्यावर दोन चकत्या समोरासमोरून येतात, एकमेकींवरून जातात आणि पुढे निघून जातात. आवाज नसताना बघणाऱ्यांना बहुतेकदा त्या आरपार गेल्या असं वाटतं. पण त्या एकमेकींवर येतात त्या क्षणी एक टिक् वाजवली, की त्या आपटून उलट फिरल्याचं खूपच जास्त वेळा दिसतं. चित्र तेच, फक्त एक टिक्. आपली मूठही गालावरून आरपारच चाललेली असते. फटक्याचा आवाज तिला गालावर आपटवतो.

तो आवाज कुठे ठेवायचा, यालाही आधार आहे. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चित्र आणि आवाज यांतला फरक माणसाला केव्हा जाणवतो याची मर्यादा दिली आहे: आवाज पुढे असेल तर सुमारे ४५ मिलिसेकंद, मागे असेल तर सुमारे १२५. ही तफावत समजण्यासारखी आहे. आवाज प्रकाशापेक्षा सावकाश येतो, सतरा मीटरवरच्या टाळीचा आवाज पन्नास मिलिसेकंद उशिराने कानावर पडतो, त्यामुळे उशिराची कानाला सवय आहे. आधी येणारा आवाज निसर्गात कधी ऐकू येत नाही. म्हणून संकलन करताना फटका मूठ आणि गाल एकमेकांवर दिसतात त्या फ्रेमवर ठेवायचा, फार तर एक फ्रेम नंतर, पण आधी नको.

सगळं जमलं का, हे तपासताना आधी आवाज बंद करून नेहमीच्या वेगात एकदाच बघावं. वारंवार बघितलं की डोळा चुकीला सरावतो. मुका ठोसा निदान निम्मा तरी पटला, तर आवाज तो पूर्ण करतो. मूठ गालाला भेटतच नाही असं वाटलं, तर दोष कोनाचा आहे आणि कॅमेरा हलवायला हवा. भेटते पण मारलेलं वाटत नाही, असं झालं तर फ्रेमगणिक पुढे जाऊन मूठ गालावर येते ती फ्रेम आणि डोकं निघतं ती फ्रेम यांतलं अंतर मोजावं. तीन किंवा त्याहून जास्त निघालं, तर पुन्हा टेक घ्यायचा. फटक्याचा आवाज मोठा करून तो उशीर झाकता येत नाही, उलट फटका जितका चोख, तितकं उशिरा वळणारं डोकं जास्त डोळ्यांत भरतं.