टाकी रिकामी व्हायला दुप्पट वेळ का लागतो?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची जुनी टाकी मोडीत काढायची ठरली. भंगारवाला सकाळी सातला येणार होता. टाकीचा वॉल्व्ह गंजून असा घट्ट बसला होता की हलेना, म्हणून प्लंबरने तळापासून दोन बोटं वरचा एक सहा मिलिमीटरचा बोल्ट काढला. तिथून बोरूएवढी धार सुरू झाली. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बागेची दोनशे लिटरची पिंपं लावली. रात्रीचे अकरा वाजले होते, आणि पिंपं बदलायला कोणी किती वेळ जागायचं हा प्रश्न होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी धारेखाली बादली धरून मोबाइलवर वेळ मोजली. मिनिटाला साधारण ४.६ लिटर. टाकी आतून एक मीटर लांब, एक मीटर रुंद, भोकाच्या वर पाणी एक मीटर, म्हणजे हजार लिटर. काकांनी भागाकार केला आणि म्हणाले, "तीन तास सदतीस मिनिटं. पावणेतीनच्या आत टाकी कोरडी."

पावणेतीनला मी टॉर्च घेऊन वर गेलो. टाकीत अजून वीतभर पाणी होतं, म्हणजे जवळपास अडीचशे लिटर. धार मात्र निम्म्यावर आली होती. काकांचा भागाकार चोख होता, बादलीचं मापही बरोबर होतं. त्यांनी गृहीत धरलं होतं की धार शेवटपर्यंत तशीच राहील, आणि चूक तेवढीच होती. गंमत अशी की ही चूक केली तर उत्तर नेहमी ठरावीक पटीतच चुकतं. सरळ भिंतीच्या टाकीला लागणारा खरा वेळ त्या भागाकाराच्या बरोबर दुप्पट असतो. टाकी केवढीही असो, भोक केवढंही असो, दुप्पटच. ते का, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात धारेच्या वेगापासून करू. इव्हांजेलिस्ता टॉरिचेली हा गॅलिलिओचा शिष्य. त्याने १६४४ मध्ये छापलेल्या ग्रंथात सांगितलं की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, तेच पाणी पृष्ठभागापासून भोकापर्यंत मोकळं पडलं असतं तर जेवढा झाला असता, तेवढाच असतो. शाळेतलं सूत्र आठवा: h उंचीवरून पडलेल्या दगडाचा वेग √(2gh). भोकातून येणारा थेंब वरून पडलेला नसतो, तो तळाशीच असतो. पण त्या क्षणी वरच्या थरातलं तेवढंच पाणी कमी झालेलं असतं, आणि ऊर्जेच्या हिशेबात एवढं पुरतं. आमच्या टाकीत उंची एक मीटर, म्हणून सुरुवातीचा वेग सेकंदाला ४.४३ मीटर. उंची पाव झाली की वेग निम्मा होतो. पावणेतीनला नेमकं तेच दिसत होतं.

आता धार सोडा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीकडे बघा. एक चौरस मीटरच्या टाकीत एक लिटर गेलं की पातळी एक मिलिमीटर उतरते. म्हणजे सुरुवातीला ती मिनिटाला ४.६ मिलिमीटरने उतरते. धारेचा वेग उरलेल्या उंचीच्या वर्गमुळाइतका, म्हणून पातळी उतरण्याचा वेगही उरलेल्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

असं वागणारी आणखी एक वस्तू तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. चेंडू वर उडवा. वर जाताना त्याचा वेग कमी कमी होतो, आणि कुठल्याही क्षणी तो वेग शिखरापर्यंत उरलेल्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. शिखराला तो क्षणभर थांबतो. टाकीची पातळी चेंडूसारखीच चालते, फक्त दिशा खाली आणि गती गोगलगायीची. चेंडूचं शिखर म्हणजे टाकीतलं भोक. चेंडूचा वेग दर सेकंदाला सारखाच कमी होतो, तसा पातळीचा वेगही दर मिनिटाला सारखाच कमी होत जातो आणि भोकाशी पोचताना शून्य होतो. ज्याचा वेग एकसारखा घटत शून्यावर येतो, त्याचा सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा. सरासरी वेग निम्मा, म्हणून वेळ दुप्पट. कॅल्क्युलसची एक ओळही लागली नाही. मला हा युक्तिवाद पहिल्यांदा उमगला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती गळणारी बादली बघत बसलो होतो.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. ठरलेल्या वेळातला निम्मा वेळ संपेपर्यंत तीन चतुर्थांश पाणी निघून जातं, आणि उरलेल्या पाव भागाला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. आमच्या टाकीचे पहिले दहा लिटर सव्वादोन मिनिटांच्या आतच गेले. शेवटच्या दहा लिटरांचा हिशेब मात्र त्रेचाळीस मिनिटांचा निघतो. "अजून किती राहिलंय, थोडंसंच तर आहे" असं म्हणत माणूस टाकीपाशी ताटकळतो, त्याचं कारण हे.

बादली न धरता नुसत्या टेपने हा वेळ काढायचा तर सूत्र असं:

```
T = (A / (C × a)) × √(2H / g)
```

A म्हणजे टाकीचं आडवं क्षेत्रफळ, a भोकाचं क्षेत्रफळ, H भोकाच्या मध्यापासून पाण्याची उंची (टाकीच्या तळापासून नव्हे, भोकाखालचं पाणी राहतंच). सहा मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ २८.३ चौरस मिलिमीटर. टाकीचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे पस्तीस हजार पट. H एक मीटर असेल तर वर्गमूळ ०.४५ सेकंद. C विसरून गुणाकार केला तर सुमारे १५,९७० सेकंद येतात, म्हणजे चार तास सव्वीस मिनिटं. पण काकांच्या बादलीवरून दुप्पट केलं तर येतात सव्वासात तास. एवढा फरक कुठून आला?

तो त्या C मधून आला. भोकाजवळ डोळा नेऊन धार नीट पाहिलीत तर दिसेल की पाणी भोकाएवढ्या जाडीने बाहेर येतच नाही. बाहेर पडल्यावर अर्ध्या व्यासाच्या अंतरात धार आक्रसते, कंबर आवळल्यासारखी, आणि मग काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत पुढे जाते. कारण भोकाकडे पाणी फक्त समोरून येत नाही, पत्र्याला घासत चारही बाजूंनी येतं. काठावर पोचल्यावर त्याला एकदम काटकोनात वळता येत नाही, ते आतल्या दिशेने थोडं पुढे जातंच. म्हणून धारेचं क्षेत्रफळ भोकाच्या सुमारे ६३ टक्केच भरतं. वेगातही दोन-तीन टक्के घट होते. दोन्ही मिळून C साधारण ०.६१. चार तास सव्वीस मिनिटांना ०.६१ ने भागा: सात तास सोळा मिनिटं.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. त्याच भोकाला बाहेरून पंधरा-अठरा मिलिमीटरची छोटी नळी बसवली, तर पाणी कमी नाही, जास्त येतं. आक्रसलेली धार नळीत पुन्हा पसरून तिच्या भिंतीला चिकटते, नळी भरून वाहते आणि C सुमारे ०.८ होतो. आमची टाकी मग साडेपाच तासांत उरकली असती. नळी लांब केली तर घर्षण वाढतं, आणि तिचं तोंड खाली असेल तर उंची त्या तोंडापासून मोजावी लागते. मग वरचं सूत्र जसंच्या तसं चालत नाही.

आणखी एका ठिकाणी हिशेब फसतो. टाकीचं झाकण हवाबंद असेल तर पाण्याच्या वर पोकळी होते, धार मंदावते आणि भोकातून हवेचे बुडबुडे आत शिरू लागतात. धार सलग न येता गुडगुड करत तुटक यायला लागली तर आधी झाकण उघडा. भोक कचऱ्याने अडलं असेल तर धार गुडगुडत नाही, वाकडी फुटते.

पाण्याने वेळ मोजायची आपल्याकडची रीत आठवल्याशिवाय राहवत नाही. "घटका भरली" हा आपला वाक्प्रचार एका तांब्याच्या वाटीवरून आला आहे. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र ठेवत. त्याच्या बुडाच्या बारीक भोकातून पाणी आत येई आणि २४ मिनिटांत ते बुडे. सूर्यसिद्धान्तात हे पात्र एका अहोरात्रात साठ वेळा बुडावं असं सांगितलं आहे. यातला बारकावा फार सुंदर आहे. तरंगत्या पात्राच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक पात्राच्या वजनावर ठरतो. पात्राच्या भिंती सरळ असतील तर तो फरक बुडेपर्यंत बदलतच नाही, म्हणून पाणी एकाच वेगाने आत येत राहतं. टाकीसारखं ते शेवटाकडे रेंगाळत नाही.

हल्ली "टॉरिचेलीचा नियम आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होता" असे मेसेज फिरतात. तसा पुरावा नाही. त्यांच्याकडे होती ती मोजणीची शिस्त, आणि ती खरोखर मोठी गोष्ट आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत सांगितलेली पद्धत अशी: पात्र एका अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. भोक केवढंही असो, मोजमाप पक्कं. त्या भोकाने वेळ मोजली, ती वेळ शुभ की अशुभ हे त्यातून कधीच कळत नव्हतं.

घरी करून बघायचं असेल तर दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून टाका. खाली गरम सुईने नव्हे, ड्रिलने चार मिलिमीटरचं भोक पाडा. सुईने प्लास्टिक वितळून काठ गोल होतो आणि C बदलतो. भोकापासून वर १६, ९, ४ आणि १ सेंटिमीटरवर पेनाने खुणा करा. अंतरं अनुक्रमे सात, पाच, तीन सेंटिमीटर, तरी प्रत्येकाला वेळ सारखाच लागतो. माझ्या बाटलीत दर टप्प्याला पन्नास सेकंदांच्या आसपास लागले. शेवटच्या एका सेंटिमीटरलाही गणिताप्रमाणे तेवढेच लागायला हवेत, पण तिथे सूत्र साथ सोडतं. पाणी भोकाच्या उंचीइतकंच उरलं की पृष्ठताण धार तोडतो, पाणी बाटलीच्या अंगावरून ओघळायला लागतं आणि मग थेंब थेंब पडत राहतं.

टाकीचंही तसंच झालं. सकाळी सव्वासहाला तिच्यातून धार येत नव्हती, पण पत्र्यावरून थेंब ओघळत होते, आणि भंगारवाला आला तेव्हाही ते थांबले नव्हते.